कॉन्फरन्समधलं भाषण लाइव्ह पोस्ट करायचंय, पण वक्त्याच्या तोंडी भलतंच जायला नको

*ताई, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे सायन्स कम्युनिकेशनमध्ये जायचा विचार आहे. पुढच्या महिन्यात एका कॉन्फरन्सला व्हॉलंटियर म्हणून जातेय आणि गाइडनी सांगितलंय की तू मेन टॉकचा लाइव्ह थ्रेड कर, अर्जात दाखवायला पण होईल. पण मागच्या वेळी एका सीनियरने केलेल्या थ्रेडवर स्वतः वक्त्यांनीच येऊन लिहिलं होतं की हे मी असं म्हटलेलंच नाही. मला आता भीती वाटतेय. मी टायपिंग फास्ट करते, पण तेवढं पुरेसं आहे का? नेमकं कसं करायचं?*

टायपिंगचा स्पीड बाजूलाच ठेव, कारण त्या सीनियरचं नेमकं काय चुकलं ते मला माहीत नसलं तरी असे थ्रेड बहुतेक वेळा स्पीडमुळेच बिघडतात. वक्ता एक वाक्य बोलतो, त्याच्या मागे "पण" लावून दुसरं बोलतो, आणि आपण पहिल्या वाक्यावरच पोस्ट दाबून मोकळे झालेलो असतो. म्हणून थेट पोस्टच्या डब्यात टाइपच करायचं नाही. फोनवर साधं नोट्सचं अॅप उघडायचं, तिथे लिहायचं आणि वक्त्याच्या एक-दोन स्लाइड मागे राहूनच पोस्ट करायचं. दोन मिनिटं उशीर झाला तर कोणाचं काही बिघडत नाही, हॉलबाहेरच्या वाचणाऱ्याला तर तो कळतही नाही.

आता खरा मुद्दा. थ्रेड तू सलग लिहितेस, पण लोक तो सलग वाचतीलच असं नाही, कोणीतरी मधलीच चौथी पोस्ट उचलून शेअर करतं आणि ती एकटीच फिरत राहते. पहिल्या पोस्टमध्ये तू वक्त्याचं नाव, टॉकचं शीर्षक, हॅशटॅग सगळं नीट दिलेलं असतं पण चौथ्या पोस्टमध्ये नुसतं एक वाक्य असतं, मग वाचणाऱ्याला ते तुझंच मत वाटतं, किंवा सिद्ध झालेली गोष्ट वाटते. त्यामुळे प्रत्येक पोस्ट एकटी सापडली तरी कोण बोलतंय आणि किती खात्रीने बोलतंय हे त्यातच कळायला हवं. माझ्या मते बाकी सगळं यानंतर येतं.

एक उदाहरण घेऊ, हे मी बनवलेलं आहे. समजा डॉ. क्ष नावाच्या बाई वीस मिनिटांचा टॉक देतायत, विषय असा की डिस्चार्जनंतर नर्सने पेशंटला घरी फोन केला तर परत अॅडमिट व्हायचं प्रमाण कमी होतं का. त्या म्हणतात, आमच्या एका हॉस्पिटलमध्ये फोन सुरू करायच्या आधी १०० पैकी १८ पेशंट ३० दिवसांत परत आले, फोन सुरू केल्यावर १०० पैकी १२ आले. मग पुढची स्लाइड, त्यात त्या म्हणतात की हे आधी आणि नंतर अशी तुलना आहे, पेशंटचं रँडम वाटप केलेलं नाही, त्या काळात आणखीही बदल झाले होते, त्यामुळे फरक फोनमुळेच पडला असं आत्ता म्हणता येणार नाही.

घाईतली पोस्ट अशी होते:

"डिस्चार्जनंतर फक्त एक फोन, आणि परत अॅडमिट होणं ३३ टक्क्यांनी कमी!!"

गंमत म्हणजे यातला आकडा खोटा नाहीये. १८ वरून १२ म्हणजे एक तृतीयांश घट होतेच. पण बाईंनी ३३ हा आकडा उच्चारलेला नाही, तो तू काढलास, आणि १०० पेशंटमागे ६ जणांचा फरक हे त्यात कुठेच दिसत नाही. "फक्त एक फोन" हे तर त्या म्हणाल्याच नव्हत्या, आणि फोनमुळेच झालं हा अर्थ आपोआप आत शिरला, जो त्यांनी मुद्दाम नाकारला होता. पोस्टमध्ये त्यांचं नावही नाही. दुसरी स्लाइड येईपर्यंत थांबून लिहिलं की हे असं होतं:

"क्ष: आमच्या एका हॉस्पिटलमध्ये फोनआधी १०० पैकी १८ पेशंट ३० दिवसांत परत आले, फोन सुरू झाल्यावर १०० पैकी १२. रँडम वाटप नाही, त्यामुळे फरक फोनमुळेच असं आत्ता म्हणता येत नाही." आणि मागे कॉन्फरन्सचा हॅशटॅग.

पोस्ट कंटाळवाणी वाटते ना? वाटू दे, पण क्ष बाईंनी वाचली तर त्यांना काही बोलायला जागा नाही. ही एका एक्स पोस्टच्या २८० अक्षरांत आरामात बसते. फक्त लक्षात ठेव की तिथे आपली मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळे मराठी पोस्ट दिसायला छोटी असूनही जागा लवकर संपते. जागा कमी पडली तर विशेषण काप, "एका हॉस्पिटलमध्ये" आणि "रँडम नाही" हे कापू नकोस. नाहीच बसलं तर दोन पोस्ट कर, पण मर्यादा सांगणारं वाक्य आकड्यापासून तोडू नकोस कारण फिरते ती आकड्याचीच पोस्ट.

प्रत्येक पोस्टच्या सुरुवातीला आडनाव आणि कोलन, एवढी सवय लावून घे. हँडल पहिल्या पोस्टमध्ये आणि शेवटच्या पोस्टमध्ये दे, प्रत्येकीत देऊ नकोस, नाहीतर बिचाऱ्या बाई स्टेजवरून उतरतील तेव्हा फोनवर नोटिफिकेशनचा ढीग असेल. आणि हँडल आदल्या दिवशीच तपासून ठेव, एकाच नावाची दोन-तीन माणसं असतात आणि भलत्यालाच टॅग होतं. पोस्टची सुरुवात हँडलने करू नये, एक्सवर ती उत्तरासारखी धरली जाते आणि तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना दिसेलच असं नाही, त्यामुळे आधी दोन शब्द लिही आणि मग हँडल.

क्रेडिटमध्ये एक गोष्ट मात्र नेहमी सुटते. स्टेजवर जे काही दिसतं ते सगळं वक्त्याचंच नसतं. क्ष बाई मध्येच दुसऱ्याच कोणाचा आलेख दाखवतात, खाली बारीक अक्षरात लेखकाचं नाव आणि साल असतं. तिथे "क्ष यांनी य यांच्या पेपरमधला आलेख दाखवला" असं लिहायचं, आणि ते बारीक नाव वाचता आलं नाही तर "दुसऱ्या गटाचा आलेख" एवढं तरी. तसंच बऱ्याच वेळा वक्ते शेवटच्या स्लाइडवर सांगतात की हे सगळं मोजमाप आमच्या अमुक पीएचडी स्टुडंटने केलं. लोक तेव्हा टाळ्या वाजवायच्या तयारीत असतात, तू मात्र ते नाव टिपून पोस्ट कर, कारण ज्याने खरं काम केलं त्याचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी येतं. आणि तुझं स्वतःचं काही म्हणणं असेल तर "माझी टीप:" लिहून वेगळी पोस्ट, क्ष यांच्या वाक्याच्या शेपटाला जोडून नाही. अवतरणचिन्ह शब्दन् शब्द तेच असेल तरच. त्या इंग्रजीत बोलल्या आणि तू मराठीत लिहिलंस तर अवतरणचिन्ह नकोच, तो सारांश झाला.

आकडा नीट ऐकू आला नाही तर तो सोडून दे. "सुमारे" लावून अंदाज ठोकायचा नाही. वीस मिनिटांच्या टॉकला आठ-दहा पोस्ट भरपूर होतात, सगळं पकडायची जबाबदारी तुझी नाही.

आता परवानगी. खरं तर हे आधीच यायला हवं होतं, कारण इथे चुकलं तर अचूक थ्रेडसुद्धा चूकच ठरतो. काही ठिकाणी लाइव्ह पोस्ट चालतच नाही. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस ही मालिका मुळात याच अटीवर चालते की तिथलं बोलणं आणि पोस्टर बाहेर जाणार नाहीत, कारण लोक अर्धवट, न छापलेलं काम घेऊन येतात. २००९ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीच्या जीनोमवरच्या मीटिंगमधून डॅनियल मॅकआर्थर या संशोधकाने ब्लॉगवर टॉकबद्दल लिहिलं, तेव्हा पत्रकारांनी विचारलं की आम्हाला वक्त्याची परवानगी घ्यावी लागते मग यांना का नाही, आणि त्यानंतर तिथला नियम बदलून ब्लॉग-ट्वीट करणाऱ्यांनाही वक्त्याची संमती लागू झाली. चॅटहॅम हाउस रूल असेल तर आणखी वेगळं, तिथे माहिती वापरता येते पण कोण बोललं ते सांगायचंच नाही, म्हणजे मी वर जे आडनाव-कोलन सांगितलं ते तिथे करणं हाच नियमभंग.

त्यामुळे कॉन्फरन्सचे नियम वाच आणि वक्त्यांना दोन ओळींची मेल टाक: मी तुमच्या टॉकचा थ्रेड करणार आहे, चालेल का, आणि कोणत्या स्लाइड बाहेर जाऊ नयेत? तू व्हॉलंटियर आहेस तर सेशनच्या आधी माइक लावताना पण विचारता येईल. स्लाइडच्या कोपऱ्यात फुली मारलेला कॅमेरा दिसला तर फोटो नाही, आणि "अजून छापलेलं नाही" असं म्हणाले तर तो आकडाही नाही, आधी त्यांनी स्पष्ट हो म्हटलं असेल तरच. पेशंटचा चेहरा किंवा रिपोर्ट असलेली स्लाइड तर परवानगी असली तरी सोड. फोटो टाकलासच तर त्याचं वर्णन अल्ट टेक्स्टमध्ये लिही, आलेखात काय मोजलंय आणि काय दिसतंय एवढं दोन ओळीत.

प्रश्नोत्तरांत प्रश्न विचारणाऱ्याचं नाव टाकू नकोस, त्याला आपण पोस्ट होतोय हे माहीतच नसतं. "प्रेक्षकांतून प्रश्न:" आणि "क्ष यांचं उत्तर:" पुरे.

तांत्रिक बाजूचं एकच सांगते. प्रत्येक नवी पोस्ट आधीच्या शेवटच्या पोस्टला रिप्लाय म्हणून टाकायची. घाईत पहिलीलाच दोनदा रिप्लाय झाला की थ्रेडला फाटा फुटतो आणि अर्ध्या पोस्ट कोणाला दिसतच नाहीत. हॉलमध्ये नेट जातं आणि तीच पोस्ट दोनदा पडते, म्हणून मधून मधून आपलाच थ्रेड उघडून बघ. सगळं नोट्समध्ये असल्यामुळे नेट गेलं तरी लिहिणं थांबत नाही.

एवढं करूनही चूक झालीच तर? समजा तू १२ च्या जागी २१ लिहिलंस. गुपचूप डिलीट केलंस तर ज्यांनी आधीच वाचलं त्यांच्याकडे २१ च राहतो. पोस्ट अजून फिरली नसेल तर डिलीट कर, बरोबर आकड्याची नवी टाक आणि तिच्यातच "आधी २१ लिहिलं होतं, ते चुकीचं" असं लिही. फिरली असेल तर त्याच पोस्टखाली लगेच दुरुस्ती, आणि थ्रेडच्या शेवटच्या पोस्टमध्ये परत एकदा. त्या शेवटच्या पोस्टमध्ये क्ष बाईंचं हँडल, पेपर छापलेला असेल तर त्याची लिंक, आणि "नोट्स माझ्या, चुका दिसल्या तर सांगा" एवढं असू दे. मग चहाच्या ब्रेकमध्ये त्यांना गाठून थ्रेड दाखव. त्यांनी एखादी पोस्ट दुरुस्त करायला सांगितली तर वाद घालत बसू नकोस, त्यांच्या टॉकमध्ये त्यांना काय म्हणायचं होतं हे त्याच ठरवणार.

अर्जाचं म्हणशील तर लिंकसोबत दोन ओळी जोड: परवानगी कशी घेतलीस आणि कोणती पोस्ट दुरुस्त केलीस. कम्युनिकेशनच्या जागेवर माणूस घेणारे लाइक्स बघतात की नाही माहीत नाही, पण आकडा आणि त्याची मर्यादा एकाच पोस्टमध्ये ठेवणारा माणूस त्यांना लगेच ओळखू येतो. आणि दिवसाला एकच टॉक घे बरं का, व्हॉलंटियरची ड्युटी सांभाळून दुसऱ्या थ्रेडला डोकं उरत नाही.