मटण खाल्लं की उजव्या बरगडीखाली का दुखतं?

सोलापुरात परवा काळ्या रश्श्याचं मटण झालं. तासाभराने उजव्या बरगडीखाली जी कळ सुरू झाली ती तीन तास. भाकरी-आमटीने काही होत नाही. असं का?

वर्णनावरून पित्ताशयातल्या खड्याची शंका येते. तर्रीतलं तेल लहान आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात जातं आणि पित्ताशय आकुंचन पावून साठवलेलं पित्त आतड्यात सोडतं. आत खडा असेल तर तो या दाबाने तोंडाशी येऊन अडकतो. पित्ताशय जोर लावत राहतं, आतला दाब वाढतो, तीच ही कळ. कधी ती उजव्या खांद्याच्या पाठीमागेही जाते. खडा मागे सरकला की थांबते. भाकरी-आमटीत तेल कमी, म्हणून पित्ताशयाला तेवढा जोर लावावा लागत नाही.

अ‍ॅसिडिटीची गोळी खड्याला हलवत नाही. सोनोग्राफी करून घ्या, पण सहा-आठ तास उपाशीपोटी. जेवल्यावर पित्ताशय रिकामं होऊन आक्रसतं, खडे नीट दिसत नाहीत. कळ पाच-सहा तासांवर गेली, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर मात्र त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. छातीत दाब, घाम, दम असेल तर आधी ईसीजी.