कायद्याची खाली आणि गुरूंचे ऋण

प्रश्न: आमच्या तबल्याच्या वर्गाची गुरुपौर्णिमा आहे. शिष्यांच्या वतीने मला चार-पाच मिनिटे कृतज्ञतेचे मनोगत मांडायचे आहे. ते मनापासूनचे वाटावे, पण त्यात माझेच कौतुक डोकावू नये. काय बोलू?

उत्तर:

गुरुजींच्या थोरवीविषयी बोलण्याऐवजी त्यांनी दिलेली एखादी रचना घ्यावी, तिच्यात त्यांनी नेमके काय दाखवले ते सांगावे आणि ती विद्या त्यांच्यापर्यंत कोणाकडून आली याचा उल्लेख करावा, असे मी सुचवेन. ‘ज्ञानाचा सागर’ किंवा ‘मायेची सावली’ ही विशेषणे कोणत्याही गुरूला लावता येतात आणि समोर बसलेले गुरुजी ती ऐकून बहुधा अवघडून जातात. आपल्या तबल्यात तर कृतज्ञतेची रीत आधीपासूनच आहे. एकलवादन करणारा वादक रचनेची पढंत करण्यापूर्वी ती कोणाची आहे हे सांगतो आणि उस्तादांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. मनोगत म्हणजे याच रीतीचा थोडा विस्तार, असे समजून तयारी केली की ‘मी’ आपोआप मागे सरकतो, कारण बोलण्याचा विषय रचना असते.

आमच्या वर्गाच्या गुरुपौर्णिमेला मी बोललो होतो ते साधारण असे होते:

“आदरणीय गुरुजी, काकू, गुरुबंधूंनो, गुरुभगिनींनो आणि रसिकहो,

आज मी दिल्ली घराण्याच्या एका कायद्याविषयी बोलणार आहे, कारण गुरुजींकडून मला काय मिळाले हे त्याच्या आधारानेच मला नीट सांगता येईल. कायदा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘धाति टधा तिट धाधा, तिट धागे तिना किना’ ही त्याची भरी, आणि तीनतालाच्या पुढच्या आठ मात्रांत येणारी ‘ताति टता तिट ताता, तिट धागे धिना गिना’ ही त्याची खाली.

गुरुजींकडे येण्यापूर्वी हा कायदा माझ्या हातात बसलेला होता. आमच्या गावच्या शिक्षकांनी तो शिकवला होता. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यायची आणि नवव्या मात्रेवर खाली दाखवायची, हे त्यांनी बोल तोंडाने म्हणायला लावून पक्के करून घेतले होते. ते आज या सभागृहात नाहीत, परंतु आजचा पहिला नमस्कार त्यांना आहे, कारण गुरुजींना माझ्या बाबतीत तेवढे काम करावे लागले नाही.

गुरुजींनी त्या कायद्यातले एक अक्षरही बदलले नाही. त्यांनी खाली ऐकायला शिकवले. ‘धा’ वाजतो तेव्हा डग्ग्याचा घुमारा असतो आणि ‘ता’ वाजतो तेव्हा तो नसतो, हे पुस्तकातही लिहिलेले असते. पण लय वाढली की डावा हात सवयीने डग्ग्यावर पडत राहतो, खालीतही घुमारा रेंगाळतो आणि दोन्ही ओळी कानाला एकसारख्या लागतात. अशा वेळी गुरुजी लेहरा थांबवायला सांगतात, आमच्याकडे पाठ करून बसतात आणि खाली कोठे सुरू झाली हे नुसत्या कानांनी कळते का, ते पाहतात. कळले नाही तर लय निम्मी करावी लागते. त्यावर ते रागावत नाहीत आणि पुढचा पलटाही देत नाहीत.

या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला केवळ गुरुजींमुळे दिसली. खाली नवव्या मात्रेवर असली, तरी डग्गा सातव्या मात्रेलाच, ‘तिना किना’पाशी, मिटलेला असतो. तसाच तो परत येतो तो समेवर नव्हे, तर चौदाव्या मात्रेवर, ‘धागे’पाशी. म्हणजे रचना खालीची चाहूल दोन मात्रा आधी आणि समेची तीन मात्रा आधी देते. ‘वाजवणाऱ्याला सम माहीत असतेच, ऐकणाऱ्याला ती येताना दिसली पाहिजे’, असे गुरुजी म्हणतात. तेव्हापासून दुसऱ्या कोणाचा कायदा ऐकतानाही माझे कान आधी त्या चौदाव्या मात्रेकडे जातात.

हे श्रेय गुरुजी स्वतःकडे घेत नाहीत. त्यांना ही दृष्टी त्यांच्या गुरूंकडून मिळाली आणि त्यांच्या गुरूंना ती उस्ताद अमीर हुसेन खाँसाहेबांकडून. खाँसाहेबांचे गुरू उस्ताद मुनीर खाँसाहेब. अनेक घराण्यांची विद्या त्यांनी मिळवली आणि ती अमीर हुसेन खाँसाहेब, अहमदजान थिरकवाँ खाँसाहेब यांच्यासारख्या शिष्यांच्या हाती दिली. अमीर हुसेन खाँसाहेब मुंबईत राहिले, तेथेच त्यांनी शिकवले, म्हणून ही विद्या मराठी घरांतल्या मुलांपर्यंत पोहोचली. त्या साऱ्यांचे स्मरण करतो. त्यांच्या भांडारातला एक कायदा मला बऱ्यापैकी वाजवता येऊ लागला आहे. गुरुजी, माझा नमस्कार स्वीकारावा.”

आपण आपली स्वतःची रचना निवडा. रेला, पेशकार, एखादी गत, काहीही चालेल, मात्र ती आपल्याला तोंडपाठ असावी आणि तिच्यातला शिकलेला बारकावा दोन-तीन वाक्यांत श्रोत्यांना ऐकवता यावा. रचनाकाराचे नाव खात्रीने माहीत नसेल, तर ‘पारंपरिक’ म्हणून आपल्याला ती कोणाकडून मिळाली तेवढे सांगावे. अंदाजाने एखाद्या मोठ्या खाँसाहेबांचे नाव जोडू नये. परंपरेची नावे आधी गुरुजींना वाचून दाखवावीत, कारण समोरच्या रांगेत बसलेले ज्येष्ठ वादक भाषणातले बाकी काही विसरतील, पण चुकलेला वारसा विसरणार नाहीत.

मी माझे कार्यक्रम, परीक्षा आणि बक्षिसे यांपैकी काहीही बोललो नाही. तसेच गुरुजींनी कसे फटकारले, किती तास बसवून ठेवले, असे लोकप्रिय किस्सेही टाळले. सभागृह त्यांवर हसते खरे, परंतु त्यांत गुरू कठोर ठरतो आणि सहन करणारा शिष्य हळूच नायक होऊन बसतो. पहिल्या शिक्षकांचा उल्लेख मात्र अवश्य करावा. नव्या गुरूंसमोर जुन्यांचे नाव काढावे की नाही, असा संकोच अनेकांना वाटतो. माझा अनुभव असा की चांगल्या गुरूला त्याचा आनंदच होतो.

वेळेचे भान राखण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. आषाढातली हवा दमट असते, तीत पुडी सैल पडते आणि स्वरात लावून ठेवलेला तबला उतरतो. आपल्यानंतर वाजवणारी मुले विंगेत हातोडी घेऊन बसलेली असतात, म्हणून चार मिनिटांत आवरावे. बोलताना कायद्याची पढंत करणार असाल, तर हातावर टाळी-खाली दाखवत मध्य लयीत, भरी आणि खाली मिळून एकच आवर्तन म्हणावे, आणि ‘ता’च्या जागी आवाज खरोखर हलका करावा. लेहरा मागू नये. हार्मोनिअमवाल्यांना ऐनवेळी लय जुळवायला लावले, तर मनोगताचे वादन होऊन बसते.