‘दुर्दैवाने’, ‘समस्या’ आणि ‘अपयश’ यांच्या जागी काय?

प्रश्न: मी आमच्या सोसायटीची सचिव आहे. सभासदांना पाठवायच्या पत्रांत ‘दुर्दैवाने’, ‘समस्या’, ‘अपयश’ असे नकारात्मक शब्द नकोत, सकारात्मक लिहा, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. मला पटतं, पण गोड लिहिताना खरं लपायला नको. मराठीत नेमके पर्याय कोणते? आणि ‘दुर्दैवाने’ काढलं तर पत्र कोरडं नाही का होणार?

उत्तर: या तिन्ही शब्दांना एकाला एक असा पर्याय शोधू नका, कारण बहुतेक वेळा फसगत तिथेच होते. प्रत्येक शब्द आपल्या वाक्यात काय काम करतोय ते आधी बघू.

‘दुर्दैवाने’ मधला ‘-ने’ हा तृतीयेचा प्रत्यय आहे. ‘पावसाने भिंत पडली’ म्हटलं की पाऊस हे कारण झालं. तसंच ‘दुर्दैवाने काम रखडलं’ म्हणताना, आपल्या मनात नसलं तरी, दैवाला कारण म्हणून उभं केलं जातं. आज वर्तमानपत्री आणि कार्यालयीन मराठीत हा शब्द ‘आता वाईट बातमी येणार’ एवढं सांगण्यापुरताच उरलाय, हे खरं. पण कारणाची जागा तो अडवून बसतोच. म्हणून तो काढून त्या जागी खरं कारण लिहावं. ‘सुदैवाने’, ‘तथापि’ किंवा ‘खेदाने कळविण्यात येते की’ असं काहीही तिथे घालायची गरज नाही. जिथे कोणाच्याच हातात काही नव्हतं, तिथे शब्द ठेवायला हरकत नाही. उघड्या राहिलेल्या टाकीत मूल पडलं, तर त्याला ‘दुर्दैवी घटना’ म्हणणं मला गैर वाटतं, कारण झाकण लावायचं काम कोणाचं तरी होतं.

‘समस्या’ या शब्दाचा इतिहास फार सुंदर आहे. संस्कृतात समस्या म्हणजे श्लोकाचा एखादा चरण किंवा तुकडा. तो कवीपुढे ठेवायचा आणि बाकीचा श्लोक त्याने रचायचा. यालाच समस्यापूर्ती म्हणतात. म्हणजे मुळात समस्या म्हणजे संकट नव्हे, तर पुरं करायचं काहीतरी. आजच्या पत्रात मात्र हा शब्द ढोबळ झालाय. ‘पाण्याची समस्या’ म्हणजे नक्की काय? पाणी येत नाही, कमी येतं, गढूळ येतं, की टाकी गळते? ‘सकाळी ७ नंतर चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही’ असं लिहिलं की ‘समस्या’ शब्द आपोआप गळून पडतो आणि प्लंबरला काय सांगायचं तेही ठरतं. बिघाड, गळती, तुटवडा, तक्रार, अडचण हे आपले रोजचे शब्द एकमेकांपासून वेगळे आहेत, ते वापरावेत.

हल्ली ‘समस्या’ऐवजी सर्रास ‘आव्हान’ लिहितात. ते टाळा. आव्हान कोणीतरी देतं आणि कोणीतरी ते स्वीकारतं, त्यात लढतीचा भाव असतो. गळक्या टाकीने आपल्याला आव्हान दिलेलं नसतं. (शिवाय घाईत ‘आवाहन’ टाइप होतं आणि अर्थच बदलतो.)

खरी जड बाब ‘अपयश’ची आहे. संस्कृतात ‘यश’ म्हणजे कीर्ती आणि ‘अपयश’ म्हणजे अपकीर्ती, बदनामी. मराठीत अर्थ बदलला तरी ती छाया गेलेली नाही. म्हणून ‘समिती अपयशी ठरली’ हे वाचताना काम राहिलं यापेक्षा माणसं नालायक आहेत असं ऐकू येतं. इथे नामाऐवजी क्रियापद घ्या: झालं नाही, जमलं नाही, बेत फसला, काम तडीस गेलं नाही. यात काय घडलं ते सांगितलं जातं, माणसावर शिक्का बसत नाही.

पण मराठीत खरं लपवायची चोरवाटही इथेच आहे. ‘पैसे भरायचे राहून गेले’ या वाक्यात कोणी भरायचे होते ते नाहीच. ‘निर्णय घेण्यात आला’ याचंही तसंच. ‘आमच्याकडून पैसे भरायचे राहिले’ असं लिहा. ‘कडून’ या एका शब्दाने वाक्य मवाळही राहतं आणि जबाबदारीही घेतली जाते. सौम्य लिहिताना मी हा शब्द आहे ना, एवढं दरवेळी तपासते.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचं मूळ पत्र असं आहे:

> दुर्दैवाने लिफ्टच्या दुरुस्तीतील समस्यांमुळे समिती दिलेल्या मुदतीत काम पूर्ण करण्यात अपयशी ठरली आहे.

नुसते शब्द बदलले की ते असं होतं:

> लिफ्टच्या कामातील आव्हानांवर मात करत काम प्रगतिपथावर असून लवकरच सुधारित सेवा उपलब्ध होईल.

हे वाचून लिफ्ट बंद आहे हेसुद्धा कळत नाही. मुदत टळली हेही गायब. मी असं लिहीन:

> लिफ्ट ३० ऑगस्टपर्यंत सुरू करू असं आम्ही कळवलं होतं. ती अजून बंद आहे. मोटर उघडल्यावर ब्रेकही झिजलेला निघाला, आणि नवा मागवायला आमच्याकडून आठ दिवस उशीर झाला. ब्रेक १० सप्टेंबरला येणार आहे. बसवून चाचणी झाली की १२ तारखेला लिफ्ट सुरू करू. तोवर ज्यांना जिना चढणं कठीण आहे त्यांचं सामान वॉचमन सकाळी ८ ते १० या वेळात वर पोचवतील.

तिन्ही शब्द गेले. ‘बंद’, ‘झिजलेला’, ‘उशीर’ मात्र राहिले, आणि त्यांना हात लावू नये. हे शब्द घडलेलं सांगतात. ‘दुर्दैव’ आणि ‘अपयश’ हे घडलेल्यावरचं मत आहे. मत सोडलं तर वाचणाऱ्याची माहिती कमी होत नाही. घडलेलं गाळलं तर होते.

तुमचे अध्यक्ष म्हणतील, मराठीत तर अशुभ शब्द टाळायची जुनी रीतच आहे. आहे, आणि मला ती प्रिय आहे. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढवते. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. पण तिथे बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही खरा अर्थ ठाऊक असतो. दुकान वाढवलं म्हटल्यावर कोणी उधार सामान घ्यायला थांबत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर राज्य मंडळाने ‘अनुत्तीर्ण’ ऐवजी ‘कौशल्य विकासास पात्र’ हा शेरा आणला, तेव्हा हेतू चांगलाच होता, आणि शेजारी विषयवार गुण छापलेले असल्याने काही लपतही नाही. पण तोच शेरा गुणांविना एकटा वाचला तर ‘पात्र’ या शब्दावरून एखाद्या आईबापांना पोरगं पास झालं असंच वाटेल.

आता कोरडेपणाचं. ‘दुर्दैवाने’ मुळे पत्राला ओलावा येत नाही, कारण त्यात कोणाचंच मन नसतं. वाईट वाटत असेल तर ते कर्त्यासह आणि नेमक्या गोष्टीबद्दल लिहा. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे छापील झालंय. ‘पाचव्या मजल्यावरच्या आजींना परवा डायलिसिसहून येऊन जिना चढावा लागला, याचं आम्हाला फार वाईट वाटतं’ हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला, लिफ्ट बंद असल्याचं सांगितल्यावर लगेच घाला. आजींची परवानगी मात्र आधी विचारा.