डिझाइन रिव्ह्यूची नोंद: तक्ता कुठे, परिच्छेद कुठे

प्रश्न: आमच्या टीममध्ये रिव्ह्यूची नोंद सगळी तक्त्यात ठेवायची असा नियम आहे. वाचायला पटकन होतं, पण वर्षभरानं ‘हे असं का ठरलं?’ याचं उत्तर त्यात सापडत नाही. तक्ता कुठे थांबवायचा?
— बॅकएंड अभियंता, पुणे

चौकटीत एकच गोष्ट नीट मावते: अमुक पर्याय अमुक निकषावर कसा आहे. दोन चौकटींचा एकमेकींशी काय संबंध, हे लिहायला तिथे जागाच नसते, आणि निर्णय बहुतेक वेळा त्या संबंधातूनच होतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. मालाची ऑर्डर घेणारं मोबाइल ॲप आहे. विक्री प्रतिनिधी दुकानोदुकानी फिरतो, कित्येक गावांत रेंज नसते. ऑर्डर फोनमध्येच नोंदवली जाते आणि रेंज आली की सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसमध्ये जाते. ऑर्डरची प्रायमरी की कोणती ठेवायची, हा रिव्ह्यूचा प्रश्न. त्याचा तक्ता असा होईल:

| निकष | `bigint` सिक्वेन्स | यूयूआयडी-४ | यूयूआयडी-७ |
|---|---|---|---|
| आकार | ८ बाइट | १६ बाइट | १६ बाइट |
| रेंज नसताना फोनवर तयार होतो? | नाही | होय | होय |
| नवी नोंद इंडेक्समध्ये कुठे पडते | शेवटी | कुठेही | बहुतेक शेवटाजवळ |
| आयडीवरून तयार झाल्याची वेळ कळते? | नाही, फक्त क्रम | नाही | होय, मिलिसेकंदापर्यंत |

तक्ता म्हणून यात काही वावगं नाही. पण यावरून कोणता पर्याय निवडला गेला असेल, हे दोन वर्षांनी आलेल्या अभियंत्याला सांगता येईल का? चारही ओळी त्याला सारख्याच वजनाच्या दिसतील. म्हणून तक्त्याखाली असा परिच्छेद हवा:

> ऑर्डर रेंज नसताना फोनवरच तयार होते, त्यामुळे सर्व्हरकडून क्रमांक घ्यावा लागणारा `bigint` पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचा आकार लहान आहे याचा पुढे विचार केला नाही. यूयूआयडी-४ मध्ये नव्या नोंदी इंडेक्सभर विखुरतात. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेस ते अख्खं पान वॉल या बदलांच्या लॉगमध्ये लिहितं, म्हणजे जितकी पानं विखुरलेली तितका वॉल जास्त, आणि आपल्या रेप्लिकाकडे जाणारी लाइन आधीच भरलेली असते. म्हणून यूयूआयडी-७ घेतला. त्याच्या पहिल्या ४८ बिटांत वेळ असते, पण ती फोनच्या घड्याळाची. घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून अहवालात ऑर्डरींचा क्रम आयडीवरून लावायचा नाही; सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळ्या कॉलममध्ये आहे. आयडीवरून वेळ कळते हे चालवून घेतलं, कारण आयडी फक्त आपल्या कर्मचाऱ्यांना दिसतो. तो ग्राहकाच्या लिंकमध्ये जाणार असेल तर हा निर्णय पुन्हा चर्चेला घ्यावा.

फोनच्या घड्याळाचं वाक्य तक्त्यातल्या कुठल्या चौकटीत बसलं असतं? ते ‘फोनवर तयार होतो’ आणि ‘वेळ कळते’ या दोन ओळी एकत्र वाचल्यावरच सुचतं. नेमकं तेच वाक्य नसलं की पुढे कुणीतरी `ORDER BY id` लिहितो आणि महिनाअखेरीचा अहवाल उलटसुलट येतो.

माझी कसोटी सोपी आहे. चौकटीत ‘कारण’, ‘पण’ किंवा ‘जर’ लिहावंसं वाटलं की तो मजकूर उचलून खाली परिच्छेदात न्यायचा.

प्रश्न: आमचे आर्किटेक्ट याच्या उलट टोकाचे आहेत. ‘तक्ते विचार मारतात’ म्हणून सगळं गद्यात लिहायला लावतात. त्यांचं बरोबर आहे का?
— सॉफ्टवेअर अभियंता, नाशिक

निम्मं. तीन पर्याय आणि चार निकष म्हणजे बारा विधानं झाली. गद्यात त्यांतली नऊ लिहिली जातात आणि राहिलेली तीन कुणाच्या लक्षातही येत नाहीत, कारण वाक्यं एकामागून एक सुरळीत वाहत असतात. तक्त्यात मात्र रिकामी चौकट उघडी पडते. लिहिणाऱ्याला तो पर्याय आवडत नव्हता म्हणून त्यानं त्याबद्दल कमी लिहिलं, की खरंच तपासलं नव्हतं, हे गद्यातून कळत नाही. तक्त्यातली रिकामी चौकट तशीच सोडू नका. ‘मोजलं नाही’ किंवा ‘लागू नाही’ यांपैकी जे खरं असेल ते लिहा. दोन्हींचा अर्थ पुढच्या माणसासाठी अगदी वेगळा आहे.

प्रश्न: प्रत्येक निकषाला पाचपैकी गुण देऊन बेरीज लिहिली, तर परिच्छेदाची गरजच उरत नाही ना? निर्णय आकड्यावरून दिसतोच.
— टेक लीड, हैदराबाद

वरच्याच तक्त्याला गुण देऊन बघा. आकार, फोनवर तयार होणं, इंडेक्स आणि गोपनीयता या क्रमानं `bigint` ला ५, ०, ५, ४ द्या. यूयूआयडी-४ ला ३, ५, १, ५ द्या. यूयूआयडी-७ ला ३, ५, ४, २ द्या. तिघांचीही बेरीज १४ येते. त्यातला एक पर्याय तर आपल्या कामाला चालतच नाही, पण त्याचं शून्य बाकीच्या पाचांत बुडून गेलं.

यावर लोक निकषांना वजनं देतात. फोनच्या ओळीला दुप्पट वजन दिलं की `bigint` मागे पडतो, पण मग दुप्पटच का, दीडपट का नाही, याचं उत्तर पुन्हा वाक्यातच द्यावं लागतं. आणि खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी आधी पर्याय पसंत पडतो आणि वजनं नंतर जुळवली जातात. नोंद वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

गुण द्यायचेच असतील तर आधी बाद करणारे निकष वेगळे काढा. त्यांना गुण नकोत, फक्त ‘चालतो’ किंवा ‘चालत नाही’ पुरे. उरलेल्या पर्यायांत जिथे मोजमाप आहे तिथे गुणाऐवजी तेच लिहा. ‘इंडेक्स: ४’ यापेक्षा ‘बहुतेक शेवटाजवळ’ हे नंतर पडताळून पाहता येतं.

प्रश्न: लोड टेस्टच्या चाळीस फेऱ्या झाल्या. सगळ्या टाकल्या तर तक्ता फार लांबतो. ज्या फेऱ्यांत एरर आल्या तेवढ्याच ठेवल्या तर चालेल का?
— क्यूए अभियंता, ठाणे

नाही. यावरचं सर्वांत महागडं उदाहरण अवकाशयानाचं आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलचे अभियंते आणि नासाचे अधिकारी फोनवर बैठक करत होते. थंडीत रबराच्या ओ-रिंग सांधा नीट बंद करणार नाहीत, अशी अभियंत्यांना भीती होती. पण ज्या उड्डाणांत ओ-रिंगना इजा झाली होती तेवढ्यांकडेच पाहिलं, तर एकात ५३ अंश फॅरनहाइटला वायू निसटला होता आणि दुसऱ्यात ७५ अंशांना. म्हणजे थंडीतही आणि उष्णतेतही. मग तापमानाचा दोष आहे असं ठामपणे कसं म्हणणार?

चॅलेंजरच्या अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगानं नंतर इजा न झालेली उड्डाणंही शेजारी मांडली आणि चित्र पालटलं. ६६ अंश किंवा त्याहून उबदार अशा वीस उड्डाणांपैकी तिघांतच इजा होती. ६३ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा होती. चॅलेंजरनं बैठकीच्या दुसऱ्या दिवशी त्याहून कितीतरी थंड हवेत झेप घेतली होती.

म्हणून चाळीसच्या चाळीस ओळी ठेवा, लांबी होऊ द्या. फक्त त्या चाचणीच्या तारखेनुसार लावू नका. ज्या कारणाचा संशय आहे, समजा एकाच वेळच्या कनेक्शनांची संख्या, त्याप्रमाणे लावा, म्हणजे एरर कुठून सुरू होतात ते नजरेला दिसेल. लांब तक्ता नोंदीच्या शेवटी जोडा आणि वर परिच्छेदात त्यातून काय निष्कर्ष काढला ते लिहा. तो निष्कर्ष ज्याला पटणार नाही, त्याला स्वतः ओळी वाचता आल्या पाहिजेत.

प्रश्न: रिव्ह्यूत एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं आक्षेप घेतला, पण तो मान्य झाला नाही. आमच्या तक्त्यात ‘आक्षेप / स्थिती: बंद’ अशी एक ओळ झाली. त्यांना ते लागलं. कसं लिहायला हवं होतं?
— इंजिनिअरिंग मॅनेजर, बंगळूरु

‘बंद’ हा शब्द कामांच्या यादीसाठी ठीक आहे. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, ही यादी तक्त्यातच शोभते आणि तिथे एका शब्दाची स्थिती पुरते. आक्षेपाचं तसं नसतं. तो दूर झाला, की धोका पत्करून पुढे जायचं ठरलं, यांत फार अंतर आहे आणि ‘बंद’ मध्ये दोन्ही एकच दिसतात.

तीन-चार वाक्यं पुरतात. आधी आक्षेप, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, आणि नोंद पाठवण्यापूर्वी त्यांना दाखवून. मग त्याला दिलेलं उत्तर. मग काय घडलं तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असं मानायचं. हे शेवटचं वाक्य लोक गाळतात, पण पुढच्या अभियंत्याला त्याचाच उपयोग होतो. रात्री दोनला अलार्म वाजला आणि तीच खूण दिसली, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्याला कळतं.

प्रश्न: नोंदी आम्ही गिटमध्ये मार्कडाउन फाइल म्हणून ठेवतो. तक्त्यातली एक चौकट बदलली की अख्खा तक्ता डिफमध्ये लाल-हिरवा होतो. शिवाय जुना निर्णय बदलला तर तीच फाइल सुधारायची की नवी लिहायची?
— डेव्हलपर, कोल्हापूर

कॉलम सरळ दिसावेत म्हणून एडिटर स्पेस भरतो, त्यामुळे एक चौकट रुंद झाली की सगळ्या ओळी बदलतात. भरणं बंद करा. मार्कडाउनला त्याची गरज नाही. आधीच भरलेल्या फाइलींसाठी:

```
git diff -w
git blame -w
```

यानं स्पेसचे बदल दिसत नाहीत, डॅशची ओळ तेवढी राहते. परिच्छेदांत प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. छापल्यावर परिच्छेद एकसंधच दिसतो, पण कोणतं वाक्य कधी आणि कोणत्या कमिटमध्ये आलं ते कळतं.

निर्णय बदलला तर नवी फाइल. जुन्या फाइलीत फक्त ‘याची जागा अमुक नोंदीनं घेतली’ एवढीच स्थिती बदलायची. आणि तक्त्यावर तारीख घाला. यूयूआयडी-७ चं मानक, आरएफसी ९५६२, मे २०२४ मध्ये आलं. पोस्टग्रेसमध्ये `uuidv7()` हे फंक्शन १८ व्या आवृत्तीपासून आहे. २०२२ च्या तक्त्यात तो कॉलम नसेल तर त्यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. पण तारीख नसेल तर वाचणाऱ्याला तसंच वाटेल, आणि नंतर कुणी जुन्याच तक्त्यात तो कॉलम गुपचूप घातला, तर हा पर्याय समोर असूनही तुम्ही नाकारला असं वाटेल.