मालकाकडची दुसरी किल्ली

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. आम्ही नसताना घरमालक त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून घरात येऊन जातात. विचारलं तर म्हणतात, "घर माझंच आहे, तुम्ही फक्त लिव्ह अँड लायसन्सवर आहात." महाराष्ट्रात, ११ महिन्यांचा करार आहे. त्यांना असं येता येतं का? आणि आम्ही कुलूप बदललं तर चालेल का?

उत्तर: नाही, असं येता येत नाही. कुलूप बदलता येतं, पण गुपचूप बदलू नका. ते का, ते पुढे सांगते. मी वकील आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या भाड्याच्या भांडणांत पैशांखालोखाल हीच तक्रार असते.

आधी मालकांच्या "फक्त लायसन्स" या वाक्याबद्दल, कारण त्यात अर्धं खरं आहे. भाडेपट्टा असला की भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये असा हक्क मिळत नाही, नुसती वापरायची परवानगी मिळते. हा फरक खरा आहे आणि घर खाली करायची वेळ आली की तो चांगलाच जाणवतो. पण घरात शिरण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात हा फरक कामाचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २८ नेमकं याच गोष्टीबद्दल आहे आणि ते दोघांनाही एकाच वाक्यात घेतं. भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची पाहणी करायचा मालकाला हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. कलम एवढंच आहे. तुमचे मालक ज्या लायसन्सकडे बोट दाखवतात, त्याचं नाव घेऊनच कायद्याने ही अट घातली आहे.

त्या छोट्या कलमात तीन गोष्टी नाहीत, आणि भांडणं त्यांच्यावरूनच होतात. सूचना किती तास आधी द्यायची ते नाही. किल्लीचा उल्लेख नाही. आणि हक्क फक्त पाहणीचा आहे. गिऱ्हाईक आणून घर दाखवणं, आपलं सामान कपाटात ठेवायला येणं, "सहज चक्कर मारणं" हे त्यात बसत नाही.

तासांचं म्हणाल तर केंद्राने २०२१ मध्ये काढलेला आदर्श भाडेकरू कायदा एक चांगला मापदंड देतो: किमान २४ तास आधी लेखी किंवा मोबाइलवर सूचना, तिच्यात येण्याचं कारण, दिवस आणि वेळ, आणि सूर्योदयाच्या आधी व सूर्यास्तानंतर यायचं नाही. आग, पूर अशा प्रसंगी सूचनेची गरज नाही. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, त्यामुळे "कायद्याने २४ तास लागतात" असं मालकांना ठणकावून सांगायला जाऊ नका. "२४ तास आधी सांगा, केंद्राच्या नमुन्यातही तेच आहे" असं म्हणा. त्यावर समजूतदार माणूस सहसा वाद घालत नाही.

आता तुमचा करार काढा आणि "पाहणी" किंवा "इन्स्पेक्शन" हे कलम शोधा. ऑनलाइन नोंदणी केलेल्या करारांत ते बहुधा असतंच: मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला वाजवी सूचना देऊन, वाजवी अंतराने जागा पाहता येईल. म्हणजे मालकांनी स्वतःच सही करून सूचना देण्याचं कबूल केलेलं असतं. कायद्याचा कागद पुढे करण्यापेक्षा त्यांची स्वतःची सही पुढे केलेली बरी, सूर कमी चढतो.

करार नोंदवलेलाच नसेल, तर? अकरा महिन्यांचा म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तो तसा नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "न विचारता यायचं नाही असं ठरलं होतं" हे तुमचं म्हणणं खोडून काढायचं ओझं मग त्यांच्यावर.

एक प्रकरण सांगते, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं चालतं ते कळेल. माझ्याकडे आलेली एक बाई रात्रपाळीची नर्स होती. सकाळी दहाला येऊन झोपायची. एके दिवशी साडेअकराला लॅच फिरल्याचा आवाज झाला. ती उठून बाहेर येते तर हॉलमध्ये मालक आणि प्लंबर, चपला घालून, बाथरूमकडे निघालेले. तिच्या अंगावर झोपायचे कपडे. मालकांना वाटलं होतं ती कामावर असेल. आणि त्यांचं कारण खोटं नव्हतं! खालच्या घराच्या बाथरूमचं छत ओलं झालं होतं आणि ते लोक रोज फोन करत होते.

ती पोलिसांत जायचं म्हणत होती. मी थांबवलं. मालक असला तरी दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात शिरणं गृह-अतिक्रमण ठरू शकतं, पण त्यासाठी धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा किंवा एखादा गुन्हा करण्याचा हेतू दाखवावा लागतो. प्लंबर घेऊन आलेल्या माणसात तो हेतू कोण बघणार? ठाण्यात "हे दिवाणी आहे" एवढंच ऐकून ती परत आली असती, आणि मालकांना कळलं असतं की पुढे काही होत नाही.

त्याऐवजी तिने त्याच संध्याकाळी मेसेज केला. मी लिहून दिला होता, साधारण असा: "काका, आज सकाळी साडेअकराला मी झोपलेली असताना तुम्ही न कळवता दार उघडून आत आलात. करारात पाहणीआधी सूचना द्यायचं ठरलं आहे. गळतीचं काम व्हायलाच हवं, मी अडवणार नाही. गुरुवारी किंवा शनिवारी चार ते सहा मी घरी आहे, प्लंबरला घेऊन या. यापुढे कृपया एक दिवस आधी मेसेज करा आणि मी असतानाच या." यात काय आहे ते बघा. घटना तारीख-वेळेसकट नोंदली गेली, काम अडवलं नाही, आणि पर्यायी वेळ दिली. पुढे कधी कोर्टात गेलंच, तर "ही बाई दुरुस्ती करू देत नव्हती" असं कुणाला म्हणता येणार नाही. काकांनी उत्तरात लिहिलं, "सॉरी, घाईत आलो." तो "आलो" हा शब्द, म्हणजे आल्याची लेखी कबुली, माझ्या दृष्टीने सोन्यासारखा होता.

काम एका फेरीत होणारं नव्हतंच. नहाणीच्या जाळीचा सांधा गेला होता. आधी बघणी, मग फरशी फोडून सांधा बदलणं आणि वॉटरप्रूफिंग, मग तोंड बुजवून पाणी भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली ओल येते का ते बघायचं, आणि शेवटी फरशी बसवणं. चार-पाच वेळा माणसं येणार. अशा वेळी प्रत्येक फेरीची सूचना मागत बसण्यात अर्थ नसतो. आम्ही सगळ्या तारखा एकदमच मेसेजवर ठरवून घेतल्या.

आणि किल्ली. तिने लॅचचा सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, बदलला, पण आदल्या दिवशी मालकांना कळवून. जुना सिलिंडर पिशवीत जपून ठेवला, घर सोडताना परत बसवायला. नव्या किल्लीपैकी एक पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर सही करून शेजारच्या काकूंकडे दिली आणि मालकांना सांगितलं: नळ फुटला, धूर निघाला तर मला फोन करा, मी उचलला नाही तर काकूंसमोर पाकीट फोडा. ती शेवटची ओळ महत्त्वाची. कुलूप गुपचूप बदलणाऱ्या भाडेकरूबद्दल मालकाला पहिली शंका येते ती घर बळकावण्याची, आणि मग भांडण खासगीपणाचं राहत नाही. शिवाय पाणी वाहत असताना दार फोडावं लागलं तर नुकसानीचा वाद तुमच्याच गळ्यात. कराराच्या "बदल करू नयेत" या कलमात सहसा बांधकामातले बदल असतात, सिलिंडर त्यात मोडत नाही. तरी तुमच्या करारात कुलपाबद्दल वेगळी ओळ आहे का, ते वाचून घ्या.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की तुम्ही नसताना ते येतात, म्हणजे पुरावा नाही. आतल्या बाजूला, दाराकडे तोंड करून एक छोटा कॅमेरा लावा. घर वापरताय तुम्ही, त्यामुळे तुमचा हॉल तुम्ही टिपू शकता. (मालकाने आत कॅमेरा लावलेला सापडला, तर मात्र सरळ पोलीस. विशेषतः बेडरूम-बाथरूममध्ये असेल तर स्त्रीच्या बाबतीत तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतो.) एकदा चित्रण मिळालं की वरच्यासारखा मेसेज. पुन्हा आले तर स्पीड पोस्टाने पत्र. त्यानंतरही थांबले नाहीत तर वकिलाची नोटीस आणि मनाई हुकुमाचा दावा, मुंबईत लघुवाद न्यायालयात. दाव्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अकरा महिन्यांच्या करारात तो क्वचितच परवडतो, कोर्टाच्या तारखा करारापेक्षा लांब जातात. नोटिशीचा खरा उपयोग वेगळा. लॉक-इन, म्हणजे घर न सोडण्याची करारात ठरलेली मुदत, संपायच्या आधी घर सोडायचं म्हटलं, तर करार आधी कुणी मोडला हे दाखवायला आणि डिपॉझिट पूर्ण परत मागायला हेच कागद लागतात.

शेवटच्या महिन्यात नवे भाडेकरू घर बघायला येतील तेव्हा हाच प्रश्न परत येईल. कलम २८ मध्ये परक्यांना घर दाखवणं नाही, त्यामुळे करारात तसं लिहिलेलं असेल तरच तो त्यांचा हक्क. लिहिलेलं नसलं तरी मी सहसा नकार द्या म्हणत नाही. आठवड्यातले दोन दिवस, एकेक तास ठरवून द्या आणि स्वतः घरी थांबा. डिपॉझिट अजून त्यांच्याकडेच असतं.