भाजक्या मातीच्या मूर्तीची नोंद कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या दादरच्या कॉलेजच्या संग्रहात स्त्रीमूर्तीचा वरचा अर्धा भाग आहे, भाजक्या मातीचा. एका माजी विद्यार्थ्याने दिलाय, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावचा आहे म्हणतात. आता त्यावर पांढरं काहीतरी आलंय. नोंद कशी लिहू?

उत्तर:

आधी तुटलेल्या कडेवर भिंग धरा, साहित्याबद्दलचं बरंचसं तिथंच कळतं. बाहेर तांबूस आणि आत काळसर गाभा दिसला, तर 'जळालेली' असं लिहू नका. मातीतला भुसा-पाला भट्टीत पुरता जळला नाही की गाभा काळा राहतो. वाळू किंवा अभ्रक दिसलं तर तेही लिहा. मूर्ती आतून पोकळ, दोन्ही कडांना उभा सांधा आणि आत बोटांचे दाब असतील, तर ती दोन साच्यांत दाबून केलेली आहे.

मापं सेंटिमीटरमध्ये, उंची, रुंदी, जाडी या क्रमानं, बैठक न धरता घ्या. 'उरलेली उंची' असंच लिहा, नाहीतर वाचणारा मूर्ती तेवढीच होती असं समजेल.

प्राप्तिस्थानात सगळ्यात जास्त घोटाळे होतात. कुठं सापडली आणि तुमच्याकडे कुणाकडून आली, हे दोन वेगळे रकाने ठेवा. फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या, सिंधमधल्या मीरपूर खासच्या मृण्मूर्तींमागे हेन्री कझिन्स यांच्या उत्खननाचा आधार आहे. तुमच्याकडे फक्त देणाऱ्याचा शब्द आहे, तर तो शब्द म्हणूनच नोंदवा. चेहरा तेरच्या मूर्तींसारखा दिसतो म्हणून ती तेरची ठरत नाही.

आता ते पांढरं. तंतू किंवा कापसासारखं असेल तर बुरशी. टोकदार, चमकणारे कण असतील तर बहुधा मातीत मुरलेले क्षार. पावसाळ्याच्या दमट हवेत ते विरघळतात, हवा कोरडी पडली की पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात आणि ते वाढताना वरचा पापुद्रा उचलतात. खाली गळलेली पूड काचेवर घेऊन पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर क्षाराचा संशय पक्का. मूर्तीला मात्र पाणी लावू नका, रंगाचा उरलासुरला अंशही जाईल.

तुटलेली कड मळकट आणि गुळगुळीत असेल तर तूट जुनी. स्वच्छ, धारदार असेल तर अलीकडची. नोंद साधारण अशी होईल:

'स्त्रीमूर्ती, कमरेपासून वरचा भाग. भाजकी माती, तांबूस, गाभा काळसर; दोन साच्यांत केलेली, पोकळ. उरलेली उंची ९.४, रुंदी ५.८, जाडी ३.१ सेंमी. माजी विद्यार्थ्याकडून भेट. तेर येथे मिळाल्याचे देणाऱ्याचे म्हणणे, कागद नाही. कमरेखालचा भाग नाही, तूट जुनी. नाकाचा टवका अलीकडचा. डाव्या खांद्यावर पांढरे स्फटिक, तिथला पापुद्रा सुटतो आहे.'

शेवटी तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव घाला. शेजारी मोजपट्टी ठेवून खांद्याचा जवळून फोटो काढा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतर पापुद्रा वाढला की नाही ते ताडून बघता येईल.