आजचे 60 टक्के उद्या किती?

तुमच्या यवतमाळकडच्या डाळमिल कंपनीत 10,000 समभागांपैकी 6,000 तुमचे आहेत, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. परंतु गुंतवणूकदाराचे 2,500 परिवर्तनीय अग्रहक्क समभाग एकास एक प्रमाणात साध्या समभागांत बदलले आणि कर्मचाऱ्यांनी समभाग घेण्याचे आपले 1,500 पर्याय वापरले, तर एकूण समभाग 14,000 होऊन तुमचा वाटा सुमारे 43 टक्क्यांवर येईल. मग निम्म्याहून जास्त मते लागणारा साधा ठरावही एकट्याच्या मतांवर संमत करता येणार नाही. माझ्या मते खरी मेख करारातील रूपांतराच्या कलमात असते: पुढचे समभाग कमी भावाने विकल्यास, कलमानुसार, एकास एकचे एकास दोनही होऊ शकते, आणि तसे झाल्यास कमी भावाने विकलेले ते समभाग न धरताही तुमच्याकडे जेमतेम 36 टक्के उरतात.